पाण्याच्या टेकडीवर बसलेल्या चार साखळ्या

ऐक ना, मधे बोलू नकोस, आधी पूर्ण ऐक. तुला आमच्या लॅबमधली ताई माहितीये, सहा वर्षं पीएचडी करतेय ती. मागच्या आठवड्यात गुरुवारी पाचला तिचा प्रबंध जमा करायची शेवटची वेळ होती. दोनदा मुदत वाढवून झालेली, तिसऱ्यांदा नाही म्हणून स्पष्ट लेखी आलेलं. एक तारखेपासूनची नोकरीही त्या पोचपावतीवर अडकलेली.

शेवटचं प्रकरण एका जुन्या साथीवर. आजार पाण्यातून पसरला की माणसामाणसांतून, एवढाच प्रश्न. उत्तर थेट निघत नाही, म्हणून आम्ही संगणकावर मार्कोव्ह साखळी सोडतो. ती शक्यतांच्या प्रदेशात एकेक पाऊल टाकत भटकते, आणि पुरेसं भटकली की जिथे जितका वेळ घालवते तितकी ती शक्यता खरी. आमच्या चार साखळ्या, प्रत्येकी पन्नास हजार पावलं, चौघी एकमुखाने म्हणाल्या, पाणी. ताईने अख्खं प्रकरण त्यावर उभं केलं.

आता ऐक माझा शहाणपणा. त्या चारही मीच सोडल्या होत्या. वेळ वाचावा म्हणून आधीची एक साखळी जिथे थांबली होती, तिथूनच चौघींना सोडलं. सगळेच करतात रे तसं.

त्या गुरुवारच्या आधीच्या शनिवारी ताई म्हणाली, प्रबंधात एक देखणं चित्र टाकू, साखळ्या लांबलांबून निघून एका जागी येताना दिसतील असं. मी संगणक खोलीतली चाळीस मशीन्स ताब्यात घेतली. वीस साखळ्या पाण्याच्या बाजूने सोडल्या, वीस माणसांच्या बाजूने. दोन दिवसांनी बघतो तर जी ती आपापल्या टेकडीवर ठाण मांडून. टेकडी म्हणजे जास्त शक्यतेची जागा, आणि दोन टेकड्यांमधे कमी शक्यतेची दरी. मिळून वीस लाख पावलं, आणि दरी ओलांडली फक्त पाच वेळा. तीनदा तिकडे, दोनदा इकडे.



म्हणजे एका टेकडीवरून दुसरीवर जायची शक्यता पावलाला अंदाजे चार लाखांत एक, दोन्हीकडून सारखीच. दोनच टेकड्या धरल्या तर कागदावर दोन ओळींत गणित होतं. कुठून कुठे जायची किती शक्यता, याच्या कोष्टकातून काही ठरावीक आकडे निघतात, त्यांना आयगेनव्हॅल्यू म्हणतात. सगळ्यात मोठीची किंमत नेहमी बरोबर १, ती समतोलाची. खरा घोळ दुसरीचा. सुरुवात कुठून केली याची आठवण दर पावलाला तेवढ्या पटीनेच कमी होते. ती अर्धी असती तर साखळी दहा पावलांत सगळं विसरली असती. आमची निघाली शून्य पूर्णांक नऊ नऊ नऊ नऊ नऊ पाच. पन्नास हजार पावलांनंतरही अठ्ठ्याहत्तर टक्के आठवण शिल्लक. साखळ्या साथीबद्दल बोलतच नव्हत्या, मी त्यांना कुठे बसवलं तेवढंच सांगत होत्या. आणि खरा समतोल? जवळजवळ निम्मं निम्मं.

मंगळवारी सकाळी कागद ताईसमोर ठेवला. तिने तो आकडा बोटाने पुन्हा वाचला. मग विचारलं, आठवण एक टक्क्यावर यायला किती पावलं?

"सव्वानऊ लाख. सदतीस दिवस."

"मशीन्स वाढवल्या तर?"

मी मान हलवली. शंभर लावल्या तरी प्रत्येकीला आपली आठवण स्वतःच पुसावी लागते, वाटून घेता येत नाही. हे तिनेच मला शिकवलं होतं.

वेगळी चाल रचायची, दरीवरून उडी मारणारी, तर तीही तपासायला महिना. मार्गदर्शक सर परिषदेला गेलेले, फोन बंद. दोन दिवस आम्ही काय नाही केलं. मी तर डबासुद्धा उघडला नाही.

गुरुवारी चार वाजता ताई हळूच म्हणाली, "चारही साखळ्या पाणी म्हणतात, हे खोटं नाही ना?"

"खोटं नाही."

"मग कुठून निघाल्या ते कोण विचारतंय? परिशिष्ट तू जोड. लिहायचं का नाही, तुझं तू बघ."

आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठ करून. विचार कर, चूक माझी, वर्षं तिची, आणि परिशिष्टाची फाइल माझ्या हातात.

मी एक ओळ लिहिली. चारही साखळ्या एकाच बिंदूपासून. दुसरी आयगेनव्हॅल्यू अमुक. निष्कर्ष धरता येत नाही. फाइल जोडली. पाचला दहा कमी होते. जमा करायचं बटण तिनेच दाबायचं होतं, तिच्या नावाने. ती आली, बसली, ओळ वाचली. ओळ ठेवून जमा केलं तर शेवटचं प्रकरणच पडत होतं, आणि ओळ खोडायला अर्धं मिनिट लागलं असतं. माउसवर हात तसाच. मग तिने हात मांडीवर घेतला, आणि आम्ही दोघं स्क्रीनवरचं घड्याळ बघत राहिलो, पाचला जमा करायचं पान आपोआप बंद होईपर्यंत.

नंतर ती एवढंच म्हणाली, "सदतीस दिवस म्हणालास ना? लाव मग."

लावल्यात. आज नववा दिवस. ती रोज येते, माझ्याकडे न बघता पावलं मोजून जाते. नोकरीवाल्यांचं नकाराचं पत्र परवा आलं.

खरं सांग, ती फाइल तुझ्या हातात असती तर तू काय केलं असतंस?