सहीआधीचे फोन

धाकटी विमा कंपनीच्या ऑफिसात आली तीच मुळी नटूनथटून. दादाचा घामेजलेला चेहरा पाहायचा होता ना तिला, डोळे भरून!

बाबा अतिदक्षता विभागात होते, तेव्हा याच दादाने गेटवर सांगून ठेवलं होतं, "माझ्याशिवाय कुणालाही आत सोडू नका." का? तर तिने आपल्या मर्जीने लग्न केलं म्हणून. ती जिन्यात बसून राहिली. बाबा गेले. आणि मग या पठ्ठ्याने गावभर सांगितलं, "लेक शेवटचं पाहायलासुद्धा फिरकली नाही!"

दावा तपासणाऱ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "डिस्चार्ज कार्डऐवजी मृत्यूचा सारांश आहे, मृत्यूचा दाखला आहे. तपशीलवार बिल, पावत्या, मूळ रिपोर्ट, रद्द केलेला चेक... सगळं आहे. पण आरोग्य विम्याची पॉलिसी वडिलांच्या नावावर, आणि नॉमिनी तुमची आई."

"ती तर आधीच गेली," दादा म्हणाला.

"नॉमिनी बदललाच नाही ना कुणी! मग वारसांचं प्रतिज्ञापत्र हवं आणि बाकीच्या वारसाचं सही केलेलं ना-हरकत पत्र. हॉस्पिटलचे पैसे तुम्ही भरले असले तरी."

बाकीची वारस पाय हलवत बसली होती. अगदी गोड हसून.

"कर ना गं सही," दादा कुजबुजला. "सख्खी बहीण ना तू माझी?"

"अगंबाई, सख्खी? कधीपासून?"

"तुला काय हवंय?"

"बाबांनी मला बोलावलं होतं?"

दादा टेबलाकडे बघत म्हणाला, "हो. सारखं तुझंच नाव घेत होते."

धाकटीला क्षणभर वाटलं, उठावं नि निघून जावं. पण छे! एवढ्यावर सोडते की काय ती?

"आत्याला फोन लाव. स्पीकरवर. मी आले होते, तू अडवलंस, असं सांग."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"तू सगळ्यांसमोरच बोलला होतास."

दादाने फोन लावला. चाचरत, अडखळत सगळं सांगितलं. पलीकडून आत्या कडाडली, "मेल्या, लाज नाही वाटली? पोरीला किती बोलले मी!" शेजारच्या रांगेतले लोक माना वळवून बघू लागले. बाईंनी उगाचच फाईल चाळली.

फोन बंद झाल्यावर दादाने पेन पुढे केलं. "झालं तुझ्या मनासारखं? कर आता."

"इथे नको," बाई घाईने म्हणाल्या. "स्टँपपेपरवर, नोटरीसमोर लागते सही. खाली कोपऱ्यावर आहे, पण रांग मोठी असते हं."

धाकटीने पर्स खांद्याला अडकवली. असा आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"मोठी ना? छान!" ती म्हणाली. "चल दादा. रांगेत आपला नंबर येईपर्यंत मामाला लाव. मग मावशी. मग ते शेजारचे काका, त्यांना तर तू घरी जाऊन सांगितलं होतंस."