कलम सहा, सोप्या भाषेत

कलम सहा हे एकच वाक्य होतं आणि पान उलटलं तरी ते चालूच होतं. ते वकीलमामांनी लिहिलं होतं. भाच्यांकडून ते फी घेत नसत, त्यामुळे शब्दांत काटकसर करायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

छोटी ते वाक्य तिसऱ्यांदा वाचत होती. ‘अनुसूचीत नमूद सेवाशुल्क प्रतिमास, देयक प्राप्त झाल्यापासून तीस दिवसांचे आत अदा करणेचे असून,’ अशी सुरुवात होऊन पुढे तीन वेळा ‘तथापि’ येत होतं आणि शेवटी, ज्याने सुरुवात केली तो कर्ता कुठेतरी मध्येच हरवला होता.

“डॉक्टरबाईंचा फोन होता,” ती दादाला म्हणाली. “म्हणतायत, बाकी सगळं मान्य आहे, फक्त कलम सहा सोप्या भाषेत ईमेलवर पाठवा. संध्याकाळपर्यंत सही करते, नाहीतर त्या दुसऱ्याला बोलावते.”

दुसरा म्हणजे ब्लीचवाला. दोघा भावंडांचा धंदा होता माशांच्या टाक्या सांभाळण्याचा: दवाखाने, ऑफिसं, एखाददुसरं हॉटेल. डॉक्टरबाईंच्या दाताच्या दवाखान्यातली टाकी सगळ्यांत मोठी. तिच्यातले निम्मे मासे दादाने नखाएवढे असताना आणून वाढवले होते. इतकी वर्षं सगळं तोंडी चाललं होतं; आता डॉक्टरबाईंना लेखी करार हवा होता. ब्लीचवाला टाकी काचेसारखी लख्ख करायचा, आणि नंतर मासेही तसेच दिसेनासे व्हायचे.

दादा दोन्ही हात टॉवेलला पुसत राहिला. ते कोरडेच होते.

छोटीने लिहायला घेतलं. ‘दर महिन्याला एक बिल येईल. ते मिळाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायचे. बिलातली एखादी गोष्ट पटली नाही, तर सात दिवसांत कारणासह लेखी कळवायचं आणि तेवढीच रक्कम थांबवायची. बाकीची वेळेत द्यायची. सात दिवसांत काही कळवलं नाही, तर बिल मान्य आहे असं धरलं जाईल. उशीर झाला, तर राहिलेल्या रकमेवर दीड टक्का व्याज लागेल.’

तिने ते मामांना फोनवर वाचून दाखवलं.

“छान,” मामा म्हणाले. मामांच्या तोंडी ‘छान’ आलं की पुढचा अर्धा तास गेला असं समजायचं. “पण दीड टक्का कशाला? वर्षाला का महिन्याला? दर सांगताना मूळ शब्द सोडायचा नाही. प्रतिमास घाल. फी सांगतानाही प्रतिमास.”

“मामा, सोप्या भाषेत मागितलंय.”

“सोपं कर, सैल करू नकोस. आणि खाली लिही, ‘हा ईमेल केवळ माहितीसाठी असून त्यात व करारात तफावत आढळल्यास करार ग्राह्य धरला जाईल.’ हे नसेल तर उद्या कोणीतरी ईमेल नाचवत कोर्टात येईल.”

हे मात्र खरं होतं. छोटीने ते वाक्य घातलं. दोन्ही ठिकाणी घाईघाईत ‘प्रति मास’ असं तोडून टाइप केलं आणि दाराशी कुरिअरवाला आला म्हणून उठली. जाता जाता दादाला म्हणाली, “एकदा नजर टाक आणि पाठवून दे.”

ती परत आली तेव्हा दादा खुशीत होता.

“पाठवलं. एक चूक होती, तीही सुधारली. दोनदा काना राहिला होता तुझा.”

“कुठे?”

“प्रति मास लिहिलं होतंस. मी प्रति मासा केलं.”

छोटी खुर्चीवर बसली. मग उठली आणि पुन्हा बसली.

“दादा, मास म्हणजे महिना.”

“कुठे?”

“करारात.”

“आपला करार माशांचा आहे ना?” दादा म्हणाला. हा मुद्दा खोडणं वाटतं तितकं सोपं नव्हतं.

डॉक्टरबाईंचं उत्तर येऊन पडलं होतं. बाई दातांच्या डॉक्टर. वाचतानाही त्यांना एकही फट दिसल्याशिवाय राहत नसे.

‘ईमेल मिळाला. फी दर माशामागे आहे हे आत्ताच कळलं. आम्ही मोजणी सुरू केली, पण ते एका जागी थांबत नाहीत. दोन पेशंटही मोजतायत. एकाच्या तोंडात कापूस असल्याने त्याचा आकडा समजत नाही. त्यातून गप्पींना पिल्लं झाली आहेत. त्यांचं पूर्ण बिल लागणार की अर्धं? शिवाय उशीर झाल्यास दर माशामागे दीड टक्का व्याज, म्हणजे टाकीकडे बघता मला दवाखाना विकावा लागेल. त्यापेक्षा दुसऱ्यांना बोलावलेलं बरं.’

छोटीने लगेच दुसरा ईमेल केला: मघाचा ईमेल रद्द समजावा, त्यात टायपिंगची चूक आहे, फी दर महिन्याची, ठरलेली आणि एकच, मासे कितीही असोत.

उत्तर दोन ओळींत आलं. ‘तुमच्याच पहिल्या ईमेलमध्ये लिहिलंय की तफावत असल्यास करार ग्राह्य. करारात प्रतिमास आहे. विषय माशांचा आहे. मी कोणाचं खरं धरू?’

“म्हणजे आता आपण कितीही ईमेल केले तरी उपयोग नाही,” छोटी म्हणाली. “ईमेलने करार बदलत नाही. करारच बदलायला हवा.”

दादा आधीच दाराबाहेर होता.

मामांना वाटेत उचललं. दवाखान्यात दादा सरळ टाकीपाशी जाऊन उभा राहिला. मामांनी करार गुडघ्यावर उघडला आणि डॉक्टरबाईंना प्रतिमासची व्युत्पत्ती सांगायला लागले.

“वकीलसाहेब,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “मी पेशंटला दाढ किडलीय एवढंच सांगते. कशी किडली त्याचा इतिहास सांगत नाही.”

“मामा, खोडा,” छोटी म्हणाली.

“छापलेल्या मजकुरात?”

“दोन्ही प्रतींत. दोन्ही ठिकाणी. वर हाताने ‘दर महिन्याला’ लिहा, आणि शेजारी दोन्ही पक्षांच्या आद्याक्षरांच्या सह्या. तुम्हीच शिकवलंत ना.”

मामांनी पेन काढलं. पहिला प्रतिमास खोडताना त्यांनी डोळे थोडे मिटले होते. चार ठिकाणी खाडाखोड झाली, डॉक्टरबाईंनी प्रत्येक ठिकाणी आद्याक्षरं केली. धंदा दादाच्या नावावर, म्हणून त्याला हाक मारली. तो सह्या करून पुन्हा टाकीकडे गेला.

डॉक्टरबाईंनी कलम सहा एकदा शेवटपर्यंत वाचलं. “तीन तथापि तसेच ठेवलेत?”

“ते अर्थाला धरून आहेत,” मामा म्हणाले.

“असू देत. पण एक विचारू? हे पहिल्यापासूनच असं साधं लिहिलं असतं तर ईमेलची गरजच पडली नसती, नाही का?”

मामांनी पेनाचं टोपण लावलं. “तर मग तुम्ही ते वाचलंच नसतं, बाई. सरळ सही केली असती.”

डॉक्टरबाईंना हे कुठेतरी पटलं असावं, कारण त्यांनी शेवटच्या पानावर सही केली. दादाला ते कळलंही नाही. तो कोपरापर्यंत हात पाण्यात घालून गप्पींच्या पिल्लांना मोठ्या माशांपासून वेगळं करत होता, आणि कापूस तोंडात असलेला पेशंट बोटाने त्याला दाखवत होता, एक तिथे खडकामागे राहिलंय.