पाहिलं की वाढणारा दंड

अठ्ठ्याऐंशी साली आमच्या नागपूरच्या शाळेत फीसाठी कॉम्प्युटर आला आणि मी, शालिकराम क्लार्क, भलताच भाव खाऊ लागलो. वही चुकेल, मशीन नाही, असं ज्याला त्याला सुनवायचो.

बायजाबाई सीताबर्डीत संत्री विकायची. तिच्या नीलाची एकशे ऐंशी रुपये फी थकली होती आणि फी भरल्याशिवाय दहावीचं प्रवेशपत्र द्यायचं नाही, असा शाळेचा हुकूम. सोमवारी बाई बाकी विचारायला आली. मी नीलाचा थकबाकीचा रिपोर्ट उघडला. दंडासकट एकशे पंच्याऐंशी. मंगळवारी तिने तेवढे आणले, तर पडद्यावर एकशे नव्वद. बुधवारी नव्वद आणले, तर पंच्याण्णव.

"उशीर केला की वाढणारच," मी दोन्ही दिवस तिला परत पाठवलं.

गुरुवारी प्रवेशपत्रं वाटायचा शेवटचा दिवस. बाई पंच्याण्णव घेऊन आली, सोबत नीला. मी रिपोर्ट उघडला. दोनशे.

नीला म्हणाली, "सर, बाहेर नोटीस लागली आहे. दंड पाच रुपये, एकदाच."

"मशीनपेक्षा तुले जास्त समजते काय वं?" माझं डोकं फिरलं. तिला दाखवायला रिपोर्ट बंद करून पुन्हा उघडला. दोनशे पाच. पुन्हा उघडला. दोनशे दहा.

"बाबू, हात काढा तिथून!" बायजाबाई ओरडली. "तुमी पाहता तवाच वाढून राहिलं!"

मग मी मनकर्णा नावाच्या मुलीचा रिपोर्ट उघडला. तिचीही फी तेवढीच थकलेली, पण तिच्या घरचं कोणी कधी फिरकलंच नव्हतं. एकशे पंच्याऐंशी. बंद करून उघडला, एकशे नव्वद. प्रोग्राम रिपोर्ट दाखवताना दंड मोजायचा आणि तो बाकीत मिळवून बाकीच बदलून ठेवायचा. पुढच्या वेळी त्यावर आणखी पाच.

"म्हंजे आमी रोज येऊन राहिलो, म्हणून आमचेच जास्त?" बायजाबाईने विचारलं.

"हो," मी म्हणालो. मला खरंच लाज वाटली.

मशीन बंद करून मी जुनी वही काढली. एकशे पंच्याऐंशीची पावती हाताने लिहून फाडली, बाईंना दहा रुपये परत दिले आणि प्रवेशपत्र नीलाच्या हातात ठेवलं.

चार दिवसांनी प्रोग्रामवाला आला आणि चूक दुरुस्त करून गेला. आता दंड मुदतीच्या तारखेवरून मोजला जातो, नुसता दाखवला जातो, बाकीला हात लागत नाही. मी मुद्दाम वीस वेळा उघडून पाहिलं. पाचाचे पाचच.

मग मी वहीशी सगळ्या पावत्या ताडून पाहिल्या. जास्त पैसे भरलेले अकरा पालक निघाले. अकराही जण असेच, पुन्हापुन्हा येऊन बाकी विचारणारे. त्यांचे पैसे द्यायला मी स्वतः घरोघर गेलो. सगळ्यांनी चहा पाजला, आणि एकानेही विचारलं नाही की बाबू, काहून चुकलं?