खुर्चीचे गुण

आमच्या वाशीमच्या कापसाच्या जिनात हातांची खुर्ची एकच होती, आणि ती माझ्याच कोपरांच्या मापाने घडवली आहे असं मला, हेडबाबू जगदेवला, मनापासून वाटे. शेचाळीस साली मुंबईच्या गिरणीतून इंद्रभानसाहेब मॅनेजर होऊन आले. म्हणाले, कामांची प्रतवारी लावू. सर्वांत भारी कामाला ती खुर्ची.

आधी नुसती उतरंड रचली, भारी काम वर, हलकं खाली. माझ्या उतरंडीत कारकुनी वर, वाफेच्या इंजिनवाल्या निजामुद्दीनमियाँच्या उतरंडीत इंजिन. जिनाच्या तोंडी कापूस घालणारी अख्तरीबी दोघांच्याही तळाशी, तेवढंच एकमत. साहेब म्हणाले, यात कोण वर ते दिसतं, कितीने आणि कशामुळे ते दिसत नाही.

मग गुणांची रीत निघाली. कसब, जबाबदारी, मेहनत, जागेचा त्रास अशा चार बाबी. प्रत्येकीच्या पायऱ्या, पायरीगणिक गुण. कोणत्या बाबीला किती वजन, ते सुचवणं माझ्याकडे आलं. बोक्याला दुधाची राखण मिळाली. शंभरातले चाळीस मी जबाबदारीला दिले आणि तिची वरची पायरी स्वतःच्या लेखणीने, जरा लयीतच, लिहिली: 'ज्याच्या हातून चूक होता, जीव जाई, जीन थांबे.' लिहिताना डोळ्यांपुढे माझीच दौत होती.

माझ्या कामाचं वर्णन तर ओवीसारखं उतरलं. कारकून जिनाचा प्राण, पहाटेचा तारा, वीस वर्षांचं इमान. साहेबांनी वाचलं आणि शांतपणे विचारलं, "प्राण कोणत्या बाबीत घालू? बाबूजी, खुर्ची मोजा. खुर्चीतला माणूस नका मोजू."

तारा खोडला. इमानही खोडलं. उरलं ते मोजलं.

"तुमची चूक झाली तर काय होतं?" साहेब.

मी पुष्कळ आठवून पाहिलं. "खोडून पुन्हा लिहितो."

निजामुद्दीनमियाँ मिशीत हसले. "आमचा बॉयलर बी खोडता येते, बाबूजी. जिनासकट."

माझ्याच ओळीने त्यांना पुरे चाळीस मिळाले, मला वीस. त्रासाच्या बाबीत मी बोटांवरची शाई पुढे केली. तिला दोन गुण मिळाले. रुईच्या धुळीत दिवसभर खोकणाऱ्या अख्तरीबीला तिथे पुरे पंधरा. तळातून उठून ती चपराशाला ओलांडून थेट माझ्या पाठोपाठ आली. तेव्हापासून मी चालताना मागे वळून पाहतो.

खुर्ची बॉयलरखोलीत गेली. विरह म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. चार दिवसांनी काहीतरी निमित्त काढून तिला भेटायला गेलो. तिच्या हातांवर कोळशाची बोटं उमटलेली, बैठक मात्र कोरी.

"बसत नाही का मियाँ?"

"मी बसलो तर काटा कोन पाह्यल?" वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळावरची नजर न काढता ते म्हणाले. "तुमी बसा ना. तुमाले जमते."

बसलो. माप अगदी माझंच होतं.