टाकलं त्यापेक्षा जास्त

आमच्या जळगावच्या कॉलेजात रसायनाला पितांबर सर होते. सौम्य आम्लाचं गणित आलं की ते खडू उचलायच्या आधीच सांगत, "क्ष गाळा." सौम्य आम्ल पाण्यात थोडंसंच फुटतं. फुटलेला भाग क्ष. मूळ आम्लातून क्ष वजा करत बसलं की वर्गसमीकरण येतं, आणि वजाबाकी सोडून दिली की नुसतं वर्गमूळ काढून मोकळं. सरांना मोकळं व्हायची घाई फार.

सेहेचाळीस साली इंटरच्या चाचणीत त्यांनी क्लोरोअॅसेटिक आम्ल घातलं. आम्ल लिटरमागे ०.००१ मोल, त्याच्या फुटण्याचा स्थिरांक ०.००१४. चाचणीत नापास होणाऱ्याचा फॉर्म विद्यापीठाला जात नसे, म्हणजे वर्ष पाण्यात. मी इमानदारीत क्ष गाळला. उत्तर ०.००११८, पैकीच्या पैकी मार्क, काठावर पास.

यावलच्या लीलाधरनं मात्र वर्गसमीकरण सोडवून ०.०००६७ काढलं. सरांनी त्याला शून्य दिलं आणि समासात लिहिलं, 'पाल्हाळ'. त्या शून्यानं तो नापास झाला.

लीलाधर गरीब गाय. मला राहवेना. त्याचा हात धरून मी त्याला प्रयोगशाळेत सरांकडे नेलं.

"सर," तो चाचरत म्हणाला, "अॅसेटिकला चालतं. दशांश मोलचं घेतलं तर शंभरात एकदीड भागच फुटतो, तेवढा गाळला तरी बिघडत नाही. इथं स्थिरांकच आम्लापेक्षा मोठा. शंभरातले सदुसष्ट फुटतात. ते कसे गाळायचे?"

"नियम तो नियम," सर म्हणाले.

मग माझं तोंड सुटलं. "सर, आम्ल टाकलं ०.००१ आणि त्यातून फुटून निघालं ०.००११८. शेरभर दूध घेतलं नि त्यातनं सव्वा शेराला जरा कमी साय काढली, असं झालं हे. अशी म्हैस मिळाली तर आमच्या धरणगावात मंदिर बांधतील तिचं."

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा आकडे पाहिले. लीलाधरच्या शून्यावर काट मारून पूर्ण मार्क दिले. माझी तर छाती फुगली.

"जीवराम, तुझा पेपर दाखव."

मी ऐटीत पुढं केला. सरांनी त्याच तांबड्या शाईनं माझे मार्क खोडले आणि शून्य काढलं. मी काठावरून खाली आलो.

"टाकलं त्यापेक्षा जास्त कसं निघेल रे? एवढीसुद्धा अक्कल नाही?"

तेच उत्तर निम्म्या वर्गानं लिहिलं होतं. त्यांचे पेपर सरांनी मागवले नाहीत. ती पोरं तिथं शहाणपणा करायला आली नव्हती ना.

"पण सर, क्ष गाळा असं तुम्हीच शिकवलं," मी म्हणालो. रडू येईल असं वाटत होतं.

"शिकवलं मी," सर दौतीला बूच लावत म्हणाले, "लिहिलं तू."

लीलाधरचा फॉर्म गेला. माझा राहिला.