निरक्षर आईची सही

शालनने ते वाक्य वाचलं होतं. वाचलं, गिळलं आणि खाली सही ठोकली.

“माझी आई पूर्णतः निरक्षर असून शेतमजुरी करते.” करुणाच्या सुबक अक्षरात, पानाच्या बरोबर मध्यावर. शालन पणदऱ्याच्या शाळेतून सातवी पास झालेली बाई. पुढची शाळा तिला मिळाली नाही, पण जेवढी मिळाली तेवढी तिने जपली होती. शेळगावला सासरी आल्यावर दुधाच्या पावत्यांपासून गावातल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनच्या कागदांपर्यंत काय काय तिने वाचून दिलं होतं. आणि पोटची पोर लिहिते, पूर्णतः निरक्षर. नुसतं निरक्षरसुद्धा नाही.

झालं होतं असं. गावातल्या रणजितला गेल्या वर्षी बारामतीच्या एका ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हापासून त्याच्या अर्जातल्या निवेदनाचा फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत होता. रणजितची आई खरोखरच शाळेत गेलेली नव्हती. करुणाने त्यातलं नाव बदललं, गुण बदलले, वडिलांचं काम बदललं. आईचं वाक्य मात्र तसंच ठेवलं, कारण ते वाचूनच कमिटी विरघळते असं तिला चार जणांनी सांगितलं होतं. मग अर्जाच्या शेवटच्या दिवशी कागद आईपुढे धरून म्हणाली, “आई, हितं सही कर. वाचत बसू नको, एसटी जाईल.”

शालनला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण पोरीला बारामतीत बी.एस्सी. ॲग्रीला प्रवेश मिळाला होता. फी सरकारी शिष्यवृत्तीतून सुटणार होती, वसतिगृह आणि खानावळ मात्र ट्रस्टने उचलली तरच जमणार होतं. नाहीतर पहाटेची एसटी, रात्रीची एसटी, आणि प्रॅक्टिकलला रोज उशीर. लेकीचं भलं होत असेल तर एका कागदापुरतं अडाणी व्हायला आपलं काय जातं, अशी तिने मनाची समजूत घातली. ती समजूत काही नीट बसली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

पंधरा दिवसांनी ट्रस्टच्या ऑफिसातून माधवीताईंचा फोन आला. गुरुवारी अकराला पालकांना घेऊन या, अर्जावरच्या सहीबद्दल विचारायचं आहे.

संघपाल, करुणाचे वडील, दुधाच्या टेम्पोवर होते. म्हणून मायलेकीच निघाल्या. एसटीत अंथुर्ण्यापर्यंत उभं राहावं लागलं, पुढे बसायला जागा मिळाली. करुणा सगळी वाट नखं कुरतडत होती. आईने ते वाक्य वाचलेलं नाही असं तिला वाटत होतं, आणि आईला आता ते कसं सांगावं हे तिला सुचत नव्हतं. शालनला सगळं ठाऊक होतं, पण तीही तोंड शिवून बसली होती.

ऑफिसात माधवीताईंनी अर्ज काढून टेबलावर ठेवला. पलीकडे मोहनराव बसले होते, निवृत्त मुख्याध्यापक. अर्जांची छाननी त्यांच्याकडे होती, आणि आयुष्यभर प्रगतिपुस्तकांवरच्या खोट्या सह्या पकडलेला माणूस तो.

“बसा ताई,” ते म्हणाले. “करुणा, निवेदनात लिहिलंयस की आई पूर्णतः निरक्षर आहे. आणि खाली पालकांची सही बघ. शालन संघपाल लोंढे. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं जागच्या जागी. ही सही तू केलीस का?”

“नाही, सर.”

“पालकांची सही विद्यार्थ्याने केली तर अर्ज बाद होतो. माहिती खोटी असली तरी बाद होतो. तसं निवेदनाच्या खालीच छापलंय. या दोन्हींतलं काय आहे, एवढंच मला सांग.”

करुणा पेचात सापडली. सही आईची म्हणावी तर वाक्य खोटं पडतं, आणि वाक्य खरं म्हणावं तर सही खोटी पडते. इकडे आड, तिकडे विहीर. आणि तो आड तिने स्वतःच खणला होता.

“कागद द्या एक,” शालन म्हणाली.

माधवीताईंनी कोरा कागद दिला. शालनने त्यावर आपलं नाव लिहिलं, खाली मुक्काम शेळगाव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे असंही लिहिलं, आणि कागद मोहनरावांपुढे सरकवला.

“सही माझीच हाय, सर. वाक्य खोटं हाय. मी सातवी झालीया. पर मी वाचूनच सही केली, म्हंजी खोटं माझंबी हाय. एकट्या पोरीला धरू नका.”

करुणा वळली. “तू वाचलं होतंस?”

“मला वाचाया येतं, करुणा.”

आईने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. करुणाने मान खाली घातली, आणि तिच्या डोळ्यांतून टपाटप पाणी गळायला लागलं. “सर, मीच लिहिलं,” ती म्हणाली. “माहीत असून लिहिलं. त्याशिवाय मिळत नाही असं वाटलं.”

मोहनरावांनी दोन्ही सह्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. आपण खरं बोलून पोरीचं वसतिगृह घालवलं, असं शालनच्या मनाने घेतलं.

“कमिटीने गुणांवर हिचं नाव निवडलंय,” अखेर ते म्हणाले. “अडलंय ते छाननीत. छाननी उद्या संपते, आणि तोवर अर्जदाराने चूक कबूल करून दुरुस्ती दिली तर ती घेता येते. तशी नोंद मात्र होईल. माधवीताई, हिला रेघांचा कागद द्या. आणि करुणा, समोरचा कळवळावा म्हणून लिहू नकोस. जे आहे ते लिही.”

करुणा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून पाऊण तास लिहीत होती. शालनने तेवढ्या वेळात भिंतीवरचं कॅलेंडर सणवारांसकट वाचून काढलं. मग करुणा कागद घेऊन आली, तेव्हा मोहनरावांनी तो शालनच्याच हातात दिला.

“आधी तुम्ही वाचा, ताई. मोठ्यानं.”

शालनने घसा साफ केला.

“मा. अध्यक्ष महोदय यांस, सविनय निवेदन करते की, माझ्या पहिल्या निवेदनात आईच्या शिक्षणाविषयी मी जाणूनबुजून चुकीची माहिती दिली होती. त्याबद्दल मी आपली व आईची मनापासून क्षमा मागते. माझी आई सातवी उत्तीर्ण आहे. पहिलीपासून सातवीपर्यंत माझा अभ्यास तिने रोज घेतला. पुढचा अभ्यास तिला माहीत नव्हता, तेव्हा ती माझे वाचून होईपर्यंत जवळ बसून राहत असे...”

इथवर वाचून शालनने पदराने डोळे पुसले. माधवीताई पाणी आणायला उठल्या. शालनने नेटाने पुढे वाचलं. वडील दुधाच्या टेम्पोवर चालक आहेत, शासकीय शिष्यवृत्तीसाठी अर्ज केलेला आहे, वसतिगृह व भोजनाचा खर्च मात्र कुटुंबास झेपणारा नाही, तरी आपल्या संस्थेचे साहाय्य लाभावे ही नम्र विनंती. सगळं होतं, आणि सगळं तिच्या घरातलं होतं. इतके दिवस मनात अडकलेलं काहीतरी सुटल्यासारखं तिला वाटलं.

मोहनरावांनी पेन पुढे केलं. शालनने ते घेतलं, टोपण काढलं आणि कागदावर पुन्हा एकदा नजर टाकून थांबली.

“सर, ह्यात एक खोटं हाय.”

मोहनरावांनी चष्मा वर केला.

“ह्ये रोज,” शालन बोट ठेवत म्हणाली. “रोज न्हाय घेतला मी. उसाच्या लागणीच्या दिवसांत दमून पडायची, तवा न्हाय घेतला.”

करुणाने ‘रोज’वर रेघ मारली आणि बाजूला सही केली. मोहनराव हसले. त्यांनी शालनच्या सहीची वाटसुद्धा पाहिली नाही, अर्ज ओढला आणि कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं, ग्राह्य.