खिडकीला गोविंदाभाऊ आठवत नाहीत

गोविंदाभाऊ माझ्या सायबर कॅफेत आले ते चप्पल बाहेर काढून. मी म्हटलं, भाऊ, हे देऊळ नाही. ते म्हणाले, "बँक दिसते ना इथी? मंग?"

दोन हजार नऊ साल, ब्रह्मपुरी, रविवार. बँकेला कुलूप होतं. भाऊंचं एटीएम कार्ड सकाळी काळी-पिवळी जीपमध्ये पडलं होतं. एकटं पडलं असतं तर चाललं असतं. पण ते प्लास्टिकच्या पाकिटात होतं आणि पाकिटावर मार्करने पिन लिहिलेला होता. आमच्याकडे सगळेच लिहितात. पिन विसरला तर लोकांसमोर शरम वाटते, म्हणून तो लोकांना दिसेल असा लिहून ठेवतात.

खात्यात मासोळीचे, अख्ख्या हंगामाचे पैसे होते. त्यातून नवं जाळं घ्यायचं होतं. हेल्पलाइनला फोन लावला तर तिकडून नुसती बासरी वाजत होती. बासरी ऐकता ऐकता भाऊंच्या मोबाइलचा बॅलन्स संपला.

मी बँकेची वेबसाइट उघडली. कोपऱ्यात मदतीची छोटी खिडकी असते. तीत लिहिलं की बँकेचं कुणीतरी लिहून उत्तर देतं. सोनाली नावाच्या बाई आल्या. नाव, खातं नंबर, जन्मतारीख, शेवटी किती रक्कम जमा केली, सगळं विचारलं. भाऊ मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचो. जन्मतारीख एक जुलै. आमच्या तालुक्यात अर्धी माणसं एक जुलैलाच जन्मली आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची पडायची. पण जमा रक्कम बरोबर निघाली आणि सोनालीबाईंची खात्री पटली. त्यांनी लिहिलं, "कार्ड कायमचं बंद करू का? बंद केलेलं पुन्हा चालू होत नाही. 'हो' लिहा."

भाऊ उठले.

"कुठं चालले?"

"ताराले इचारून येतो. कायमचं म्हणते ते."

"भाऊ, फक्त हो लिहायचं आहे."

"बायकोले न इचारता मी बैलाची शेपटी नाई धरत, अन् तू कायमचं म्हणतं. तिले सांग, बसून राह्य, आलोच."

मी लिहिलं, कृपया थांबा. ताराबाई बाजारात मासोळी विकत होत्या. टोपलं शेजारणीच्या हवाली करून भाऊंसोबत त्या आल्या तोवर खिडकीत लिहिलेलं होतं: बराच वेळ आपल्याकडून काही आलं नाही, म्हणून संभाषण संपवलं आहे. मी पुन्हा उघडली. कोणी अमित म्हणाले, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

"सोनाली कुठी गेली?" भाऊ म्हणाले. "आत्ताच तर तिले सगळं सांगितलं! याले इचार, तिनं काई निरोप ठेवला का?"

अमितना काहीच माहीत नव्हतं. नाव, खातं नंबर, जन्मतारीख.

"अशी कशी बँक? चहाच्या टपरीवाल्याले माही साखर पाच वर्षानं आठवते."

आता सूत्रं ताराबाईंकडे गेली. त्यांचं म्हणणं असं की बँक आपल्याला विसरली, कारण आपण नीट ओळखच दिली नाही. म्हणून आधी गाव, मग सासऱ्याचं नाव, मग नदीच्या कोणत्या घाटावर मासेमारीचा डोंगा लागतो, मग जीपमध्ये कोण कोण होतं.

"बाई, थोडं थोडं पाठवू," मी म्हटलं.

"अर्धी गोष्ट कोणी पाठवते का? हात काढ तिथून."

मी टाइप करत राहिलो. अडचण एवढीच की पाठवल्याशिवाय पलीकडे काहीच पोचत नाही. आम्ही इकडे तीन पिढ्या उतरवत होतो आणि तिकडे बँकेला वाटत होतं की खुर्चीवर कोणी नाही. ताराबाई डोंग्यावर पोचल्या तेव्हा अमित गेले. लिहिलेलंही गेलं.

भाऊ रस्त्यावर जाऊन जोरजोरात बँकेशी बोलू लागले. बँक तिथे नव्हती, त्यामुळे त्यांना बरं वाटत असावं. मागोमाग ताराबाई गेल्या. जीप स्टँडवर विचारून यायचं ठरलं. मी म्हटलं, आधी कार्ड बंद करा. कोणी ऐकलं नाही.

ते गेले आणि सुकलू आला. जीपवर सवाऱ्या भरणारा सुकलू. भाऊंच्याच खुर्चीवर बसला.

"इथून बँकेशी बोलता येते म्हणते?"

"येतं."

"कोणाच्या खात्यात किती हाये, सांगते का?"

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. प्लास्टिकचं पाकीट. मार्करचे चार आकडे. चेहरा मी तसाच ठेवला. दुसरा चेहरा माझ्याकडे नाहीच.

"एटीएमवर नाई गेला?"

"गेल्तो. सकाळपासून मशीनच बंद हाये. आता नागभीडच्या मशीनवर जायचं तर रक्कम तेवढी पाह्यजे ना. डिझेल फुकट येते का?"

त्यानेच खिडकीवर टिचकी मारली. ही तीच खिडकी, तीच मशीन. हिला मघाचं आठवलं, तर ही याला गोविंदाजी म्हणणार. खात्री तर आधीच पटलेली आहे.

खिडकी म्हणाली, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

सुकलूने एकेक अक्षर शोधत विचारलं, बॅलन्स किती. उत्तर आलं: नाव, खातं नंबर, जन्मतारीख. नाव त्याने कार्डावरून लिहिलं. मग अडला.

"खातं नंबर काऊन मांगते? कार्ड तर माह्या हातात हाये!"

"त्यांना हात दिसत नाही," मी म्हटलं आणि दारात जाऊन उभा राहिलो. दार एकच आहे.

सुदैवाने भाऊ आणि ताराबाई हात हलवत परत येत होते. पाकीट पाहून ते थांबले.

सुकलू उठला. "भाऊ! तुमालेच शोधून राह्यलो. कोणाचं हाये ते बँकेले इचारत होतो."

"नाव छापलं हाये त्याच्यावर," ताराबाई म्हणाल्या.

"बाई, गोविंदा लय हायेत."

ताराबाईंनी पाकीट त्याच्या हातातून ओढून घेतलं. भाऊ म्हणाले, "चला, सापडलं. आता बंद कशाले करायचं?"

"आकडे याच्या डोक्यात गेले, ते कसे काढता?" ताराबाई म्हणाल्या. "बसा."

भाऊ बसले. मी खिडकी बंद करून नव्याने उघडली. आता साधना नावाच्या बाई होत्या. भाऊंनी आधी मला एकच वाक्य लिहायला लावलं: मघापासून सांगतो आहे, विसरता का? उत्तर आलं: "सर, बोलणं आमच्या नोंदीत असतं. पण समोर कोण बसलं आहे ते आम्हाला दिसत नाही. थोडा वेळ उत्तर आलं नाही की माणूस उठून गेला असं धरावं लागतं. मग खुर्चीवर जो असेल त्याची ओळख पहिल्यापासून."

मी वाचून दाखवलं. भाऊंनी सुकलूकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. मग ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"इचार म्हणा," ते म्हणाले. "सगळंच इचार."

नाव. पाठवलं. खातं नंबर. पाठवला. एक जुलै. जमा रक्कम. आता कोणी उठत नव्हतं. मी श्वास घ्यायला थांबलो तरी ताराबाई माझ्या खांद्यावर बोट टोचत होत्या. साधनाबाईंनी सांगितलं, जमा केल्यानंतर काही निघालेलं नाही. कार्ड कायमचं बंद करू का?

भाऊंनी ताराबाईंकडे पाहिलं. ताराबाई म्हणाल्या, "माह्याकडे काय पाह्यता? हो म्हणा!"

हो लिहिलं. कार्ड बंद झालं. नवीन टपालाने येणार होतं.

सुकलू अजून दारातच होता. बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. गावाकडे जाणारी त्या दिवशीची शेवटची जीप, आणि ती त्याचीच.

"येता का? दोन सीट हायेत," तो म्हणाला.

भाऊंनी चप्पल घातली. ताराबाई पुढच्या सीटवर, सुकलूला चिकटून बसल्या आणि बंद झालेलं कार्ड आपण गाव येईपर्यंत त्याच्या नाकासमोर धरून ठेवणार, असं त्यांनी जाताना मला ठणकावून सांगितलं.